ज्वारीवर ज्वारी

संज्योतबरोबर किराणा आणायला गेलं की प्रत्येक वस्तूची पाठ आधी दिसते. बाकीचे लोक पाकीट उचलतात, पुढचं चित्र बघतात आणि टोपलीत टाकतात. ती उचलते, उलटं करते, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ नेते. ओठ हलत असतात. बहुतेक वेळा पाकीट जागेवर परत जातं. मग पुढचं.

"चल ना," मी म्हणते.

"थांब की. कंपनी तीच आहे, पण पाकीट बदललंय. पाकीट बदललं म्हणजे आतलंही बदललं असणार."

तिला गहू चालत नाही. जवही नाही. आवडनिवडीचा प्रश्न नाही हा. पोटात चिमूटभर गेलं तरी आतडं सुजतं, दिवसचे दिवस दुखतं आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. ती बारावीत असताना सोलापूरच्या डॉक्टरांनी हे शोधून काढलं. त्यावर औषध नाही, फक्त पथ्य आहे, आणि तेही जन्मभराचं. घर मंगळवेढ्याचं, म्हणजे ज्वारीच्या कोठारातलं, त्यामुळे तिकडे ते पथ्य फारसं जाणवलंच नाही. तिची आई आधीपासूनच गिरणीत डबा घेऊन उभी राहायची आणि गिरणीवाल्याला बजावायची, "गव्हावर घालू नको हं, ज्वारीवर ज्वारी घाल." आधीच्या दळणाचं पीठ गिरणीत अडकलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे तिकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. आजार कळल्यावर आईने तेवढ्यावर विश्वास ठेवणंही सोडलं आणि घरघंटी विकत घेतली. तिच्यात गहू कधीच पडला नाही.

ती घरघंटी मंगळवेढ्यात राहिली. संज्योत कोरियात आली, जोंजूला, कार्बनच्या धाग्यांवर पीएचडी करायला.

मी तिच्या आधीपासून इथे आहे. इथल्या भाषेतलं साहित्य शिकते. विद्यापीठाच्या मागच्या उतारावर दोन खोल्यांचं घर होतं आणि मला सोबतीण हवी होती. ती आली त्या दिवशी मी मोठ्या मायेने माझ्या साठ्यातली हिंगाची डबी तिच्यापुढे ठेवली. डबी पुण्याहून आलेली, जपून वापरलेली. तिने ती उलटी केली, वाचली आणि हळूच माझ्याकडे सरकवली.

"हिंगात कणीक असते गं," ती म्हणाली. "खड्याचा नसेल तर असतेच."

इतकी वर्षं मी हिंगाबरोबर कणीक खात होते. आपल्या ओळखीचं म्हणून जे जे मी कपाटात मांडून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं तिच्या कामाचं नव्हतं. उलट कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातल्या, मी कधी नजरही न टाकलेल्या वस्तू ती उचलून आणू लागली. इथले लोक सोललेले मूग भिजवून, वाटून धिरडी करतात; ते पिवळे मूग आणून तिने वरण लावलं, आणि तूरडाळीची आठवण काढायची मला गरजच पडली नाही. तीळतेलाच्या रांगेत पेरिलाचं काळपट बी मिळतं. ते भाजून, लसूण-मीठ घालून कुटलं की कारळ्याच्या चटणीच्या इतकं जवळ जातं की तिच्या आईलाही फोनवर दाखवून फसवलं होतं. लाल तिखटाच्या नावाने मिळतं ते लोणच्याचं, जाडं आणि गोडसर; त्याने भाजीला नुसता रंग येतो. म्हणून ती बारीक हिरव्या चोंग्यांग मिरच्या आणून शेंगदाण्यांबरोबर ठेचते. दुकानातली आयती आमटी-पावडर नको, तिच्यात मैदा. लाल मिरचीची पेस्ट नको, तिच्यात कधी गहू, कधी जवाचे मोड. तांदळाची काकवीसुद्धा नको. तांदूळ गोड करायला मोड आलेले जवच घालतात. गूळ हवा असेल तर उसाची न गाळलेली साखर. ढोबळ नियम असा की ज्याला पाकीट नाही ते चालतं. मुळ्याचा कोवळा पाला, भोपळा, अंडी, रताळी.

आणि पाकिटांवर ती एका बाबतीत रागावलेली असायची. इथे पाकिटाच्या मागे चौकटीत ठळक छापतात: यात गहू आहे, दूध आहे, शेंगदाणे आहेत. त्या सक्तीच्या यादीत जव नाही. जव शोधायचा तर सगळा बारीक मजकूर वाचावा लागतो.

"जवाचं यांना काहीच वाटत नाही," ती म्हणायची. "पाण्याऐवजी जवाचा काढा पितात. त्यांच्या दृष्टीने ते पाणीच आहे."

ज्वारी मात्र तिने पहिल्याच महिन्यात शोधली. धान्यांच्या रांगेत, लालसर दाण्यांचं छोटं पाकीट. इथे तिला सुसू म्हणतात. दुकानात एकटीच उभी राहून ती किती वेळ हसत होती, हे तिने मला घरी येऊन सांगितलं आणि पुन्हा हसली. दाणे मिळाले, पण पीठ नाही. पिठाच्या पाकिटात गव्हाचं पीठ मिसळलेलं. म्हणजे दळायला हवं. आणि दळायचं म्हटल्यावर तिचे पाय आपोआप जुन्या बाजारातल्या गिरणीकडे वळले.

गिरणी म्हणजे एक लांबट गाळा. पुढे तीळतेलाचा घाणा, भिंतीशी मिरच्या कुटायचं वेगळं यंत्र, मागे तांदळाचं यंत्र, त्याच्या शेजारी कोरड्या पिठाचं. चालवणारी बाई साठीपुढची, कुरळ्या केसांची, हाताला कायम पांढरी. बाजारात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही.

पहिल्या खेपेला मावशीने ज्वारी बघितली आणि विचारलं, "कोणाच्या बाळाचा वाढदिवस?"

इथे ज्वारीचे लाडवासारखे गोळे लहान मुलांच्या वाढदिवसाला करतात, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. एरवी कोण खातं.

"बाळ नाही. मीच खाणार," संज्योत म्हणाली. "रोज."

"रोज?" मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाची एवढी दृष्ट लागलीय तुला?"

तिने ज्वारी भिजवायला सांगितली, दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि तांदळाच्या यंत्रातून काढून दिली. ओलसर, भुरभुरीत पीठ. त्यात मूठभर मीठ आधीच घातलेलं, कारण इथे गिरणीवालीच मीठ घालते. गिऱ्हाईक सांगत नाही, तीही विचारत नाही. त्या पिठाची भाकरी काही झाली नाही. इथली ज्वारी मुळातच चिकट, त्यात उकळतं पाणी घालून मळलं. परातीला, हाताला, तव्याला सगळीकडे चिकटली, आणि जी सुटली ती खारट लागली. संज्योतने तो चिखल गोळा केला.

दुसऱ्या खेपेला ती ठणकावून सांगायला गेली. "मावशी, कोरडं दळायचं. मीठ नाही."

"कोरडं? ज्वारी ओलीच दळतात."

"आमच्याकडे कोरडी दळतात."

"तुमच्याकडे दळतात ना? मग जा तुमच्याकडे," मावशी म्हणाली, आणि हात पुढे केला. "आण इकडे. कोरडं तर कोरडं."

संज्योतने डबा दिला नाही. आधी विचारलं, "इथे गहू दळता का?"

मावशी हसली. "गहू कोण दळायला आणतं गं? गव्हाचं पीठ कारखान्यातून येतं पिशवीत. माझ्या सासूच्या काळापासून इथे गहू आला नाही."

ते खरंच होतं. नंतरही कोणी ते खोटं ठरवलं नाही.

कोरडं पीठ आलं. त्यात निम्मं तांदळाचं पीठ मिसळून, पाणी कोमट घेऊन भाकरी साधली. रंग विटेसारखा, काठ जाडे, पण भाकरी. त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज संध्याकाळी थापण्याचा आवाज यायचा. संज्योतचे गाल भरले. बाजारात मावशी तिला "ज्वारीवाली" म्हणून हाक मारायची, आणि ती ओ द्यायची.

मे महिन्यात ते सुरू झालं. आधी नुसती पोटाची तक्रार. ती म्हणाली, काहीतरी गेलं असेल बाहेरचं. पुन्हा झालं. मग जवळजवळ रोज. जून संपेपर्यंत तिची जीन्स कमरेवरून घसरायला लागली. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची आणि फोन बघत असल्यासारखं करायची.

लॅबमधली तिची वरिष्ठ ह्येरिन एकदा आमच्या घरी आली होती. संज्योत तिला ताई म्हणायची, इथली रीतच तशी. ह्येरिनने तिच्या गालाला बोट लावलं.

"काय दिसतेस गं हल्ली. हनुवटी कशी टोकदार झालीय. काय करतेस, सांग ना. आम्ही जवाचा काढा पिऊन पिऊन मेलो, एक किलो हलत नाही."

संज्योत हसली. ह्येरिन गेल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मग शोध सुरू झाला. आमचं स्वयंपाकघर म्हणजे पोलीस चौकी झाली. सोया सॉसची बाटली, जी केवळ माझी होती, ती माझ्या खोलीत गेली. माझा ब्रेड, माझी बिस्किटं, सगळं माझ्या खोलीत. लाकडी कालथे फेकले. नवीन चाळण आली. मिठाचं पाकीट वाचून झालं, मग माशांच्या कोरड्या पट्ट्या, मग दात घासायची पेस्टसुद्धा. ती दर काही दिवसांनी एक पदार्थ बंद करायची आणि वाट बघायची. मूग बंद. अंडी बंद. पेरिलाची चटणी बंद. दुखणं कमी झालं नाही. एका दुपारी ती माझी चहाची गाळणी हातात धरून उभी होती.

"हिच्यातून तू कधी जवाचा काढा गाळलास?"

"नाही."

"नीट आठव."

"संज्योत, नाही."

तिने गाळणी ठेवली. पुन्हा उचलली. मला राग आला आणि त्या रागाची मला लाजही वाटली. घरात दोघींनी असं वावरायचं की जणू तिसरं कोणी कुठेतरी दडून बसलंय.

एक गोष्ट तिने बंद केली नाही. भाकरी. जसजसं बाकीचं ताटातून गेलं, तसतशी ती भाकरीवरच राहायला लागली. एकीच्या दोन झाल्या. तेवढं एक खात्रीचं होतं ना.

तिच्या सरांनी तिला बोलावून घेतलं. बोलणं नीट होतं: तब्येत आधी, एक सत्र रजा घे, घरी जा. पण प्रकल्पातली तिची जागा तोवर रिकामी ठेवता येणार नव्हती. तिथे दुसरं कोणी येईल, मग परतल्यावर बघू. सप्टेंबरचं सत्र सुरू होण्याआधी काय ते सांग. तिकडून आई रोज फोनवर विचारायची. आवाज चढवायची नाही, तेच जास्त कठीण.

"तिकिटाचं बघू का गं?"

"थांब आई."

"किती थांबू? फोनमध्ये तुझी मान दिसतेय नुसती. इथे आपली घरघंटी आहे, चार दिवस धड खाशील."

"भाकरीच खातेय आई. तीच खातेय."

"मग अंगी का लागत नाही?"



जुलैच्या पहिल्या आठवड्यात पीठ संपलं. तिच्याने डबा उचलवेना, म्हणून मी सोबत गेले. बाजारात उकाडा दाटला होता. गिरणीत पंखा गरगरत होता आणि आमच्या आधी एका आजोबांचं पोतं लागलं होतं. आम्ही प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसलो. कोरड्या पिठाचं यंत्र घरघरत होतं आणि त्यातून भाजलेल्या धान्याचा वास येत होता, खमंग, गोडसर.

संज्योतने डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"सातूचं पीठ," ती मराठीत म्हणाली. "आमच्याकडे उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवायचे. मी लहान असताना. कळायच्या आधी."

मावशीने ते बघितलं. वास आवडलेला माणूस गिरणीवालीला लगेच ओळखता येत असावा. तिने यंत्राखालच्या पातेल्यातून चमचाभर पीठ घेतलं, बर्फाच्या पाण्यात मधाबरोबर ढवळलं आणि पेला पुढे केला.

"पी ज्वारीवाली. चेहरा बघ कसा झालाय, वाळल्या मिरचीसारखा. उन्हाळ्यात हेच प्यावं. मे लागला की माझं हे यंत्र दुसरं काही करतच नाही. लोक रांगा लावतात या पिठाला, मिसुगारूला."

संज्योतने पेला हातात घेतला. सवयीने विचारलं, "यात काय काय आहे?"

"सगळं चांगलं. तांदूळ, चिकट तांदूळ, काळे सोयाबीन, तीळ." मावशी बोटांवर मोजत होती. "आणि जव. जवच जास्त. जवाशिवाय मिसुगारूला चव कुठली?"

संज्योतने पेला गुडघ्यावर टेकवला. ती पेल्याकडे बघत नव्हती. ती यंत्राकडे बघत होती. आजोबांचं पोतं संपलं होतं. मावशीने नेहमीसारखा कुंचा घेऊन यंत्राचं तोंड झाडलं, आत दोनदा थापट मारली, आणि आमच्या डब्यासाठी हात पुढे केला.

"आण."

संज्योतने डबा पोटाशी धरला.

"मावशी, माझी ज्वारी यातूनच काढता?"

"मग कशातून? कोरडं हवं म्हणालीस ना तू? कोरडं इथेच निघतं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"तुम्ही म्हणाला होता इथे गहू नाही."

"नाहीच. आजही नाही." मावशीचा हात अजून पुढेच होता. "जवाचं तू विचारलं नव्हतंस."

संज्योत उठली. पेला तिने काउंटरवर ठेवला, भरलेला, आणि मान लववून म्हणाली, "आज नको दळायला. माफ करा." तिने थोडं समजावून सांगायचा प्रयत्न केला, जव पोटात गेला तर काय होतं ते. पण आजोबा ऐकत उभे होते, मागे आणखी दोघी आल्या होत्या, आणि मावशीच्या कानावर त्यातलं एवढंच पडलं की हिच्या गिरणीमुळे पोरगी आजारी पडली.

"मी झाडते," मावशी म्हणाली. "बघितलंस ना, झाडते मी. चाळीस घरं खातात माझ्या हातचं. झाडल्यावर राहतं ते किती? चिमूट."

"चिमूटच पुरते मला," संज्योत म्हणाली.

मावशीने पेला उचलला आणि मोरीत ओतला.

परतताना बसमध्ये संज्योत खिडकीशी बसली होती. डबा मांडीवर. थोड्या वेळाने ती हसायला लागली, आवाज न करता, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

"आई जीव तोडून सांगायची गिरणीवाल्याला. ज्वारीवर ज्वारी, ज्वारीवर ज्वारी. मला वाटायचं किती डोकं खाते. आणि मी इथे येऊन काय विचारलं? गहू आहे का. झालं. सुटले. पाकिटावर जव छापत नाहीत म्हणून मी या लोकांना नावं ठेवते, आणि मी स्वतः काय केलं?"

"आपल्याकडे गिरणीत जव सहसा नसतोच," मी म्हणाले. "कसं सुचणार?"

"सुचायला हवं होतं."

"हिवाळ्यात तरी बरी होतीस."

"हिवाळ्यात कोण पितं मिसुगारू?"

 पण सुटका झाल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. कारण हे खरंच असेल असं कोण सांगणार? नसेल तर पुन्हा गाळणीपासून सुरुवात.

घरातलं उरलंसुरलं पीठ तिने बांधून टाकलं. तवा घासला, परात उकळत्या पाण्यात बुडवली. मूग परत आले, अंडी परत आली. भात, वरण, मुळ्याचा पाला, रताळं. ती जेवायची आणि मग घरभर फिरायची. पोटावर हात ठेवून उभी राहायची, जसं कोणी दाराला कान लावतं. पहिला आठवडा काहीच बदललं नाही. आईने तिकिटाची तारीख पाठवली. संज्योतने ती बघितली आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले तर ती अजून झोपलेली होती. रात्रभर उठावं लागलं नव्हतं. तिला तसं सांगितलं तर ती दचकली, जणू मी काहीतरी उघडं करून ठेवलंय.

"बोलू नकोस त्याबद्दल," ती म्हणाली.

जूनमध्ये एकदा रक्त तपासलं होतं, ऑगस्टच्या मध्यावर तिने ते पुन्हा तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या आजाराचा आकडा अजून वर आहे, पण जूनपेक्षा उतरलाय. तो सावकाशच उतरतो, हिवाळ्यात परत या. कशामुळे चढला होता हे रक्तात लिहिलेलं नसतं. जीन्स मात्र आता घसरत नव्हती.

सरांना सोमवारी सांगायचं होतं. मला वाटलं आता प्रश्न कुठे उरला, पण आदल्या आठवड्यात ती आणखीच सैरभैर झाली. दुकानात जायची आणि काही न घेता यायची. एकदा धान्यांच्या रांगेत मी तिला ज्वारीचं पाकीट धरून उभी असलेली पाहिलं.

"बरी होशील गं भातावर," मी म्हणाले.

"होईन. पण भाताला धरून अशी किती वर्षं उभी राहू? दुसरी प्रत्येक वस्तू बघून घाबरायचं असेल तर आईकडेच जाते ना. तिथे निदान घाबरायचं काम ती करते."

मी तिला माझा मिक्सर दिला. त्यात ज्वारी रव्यासारखी झाली, आणि मिक्सर तापून बंद पडला. त्या रव्याकडे ती बघत बसली. मग एकदम म्हणाली, "तांदळाचं यंत्र."

"काय?"

"मागचं. ओलं दळायचं. पहिल्या वेळी मावशीने त्यातूनच काढून दिलं होतं. जव कोणी भिजवून दळतं का? मिसुगारू कोरडंच असतं, भाजलेलं. मीच हट्ट केला कोरड्याचा. मीच गेले त्या यंत्राकडे चालत."

"पण त्या पिठाची भाकरी झाली नव्हती."

"तेव्हा मला इथल्या ज्वारीची भाकरी येतच नव्हती."

तिने ज्वारी परातीत पसरली आणि निवडायला बसली. पाकीटबंद होती, तरीही. लाल दाण्यांत फिकट, लांबट दाणा लगेच दिसतो. तिला दोन सापडले, जवाचे. ते तिने मला तळहातावर ठेवून दाखवले आणि ती पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली. मग चार पाण्यांनी धुऊन भिजत घातली, पिठात मिसळायचे साधे तांदूळ वेगळे भिजवले.

शनिवारी सकाळी गिरणी उघडायच्या वेळी आम्ही दारात होतो. मावशीने आम्हाला बघितलं आणि शटर वर ढकलणं चालू ठेवलं.

"नवीन गिरणी मिळाली असेल ना?" ती शटरकडे बघत म्हणाली.

"नाही मिळाली."

"मग कुठे दळतेस? घरी? सासू आणलीस का दळायला?"

"मावशी, तांदळाच्या यंत्रात काय काय पडतं?"

मावशी वळली. तिच्या कपाळावर आठी होती. "तांदूळ."

"आणखी?"

"चिकट तांदूळ. वसंतात दवण्याचा पाला. वाढदिवसाची ज्वारी. संपलं."

"जव?"

"भिजवलेल्या जवाचं मी करू काय? नाही."

"कधीच?"

"तिसऱ्यांदा विचारलंस तर बादलीतलं पाणी ओतीन अंगावर." मग तिने संज्योतकडे नीट बघितलं. गालांकडे, मनगटांकडे. काय दिसलं कोण जाणे, आवाज उतरला. "ओली दळ म्हणून मी सांगत होते. आमच्याकडे कोरडी दळतात म्हणे."

"सांगत होतात," संज्योत म्हणाली.

मावशीने आधी स्वतःचे तांदूळ काढले, तांदळाच्या केकच्या पहिल्या ऑर्डरचे. मग संज्योतने तांदळाची टोपली दिली, मग ज्वारीची. ती स्टुलावर बसली नाही. यंत्राच्या दोन्ही रुळांमधून पीठ खाली भुरभुरत होतं, वीटकरी बर्फासारखं, आणि ती वाकून बघत होती. एक बाई भाजलेल्या धान्याची पिशवी घेऊन आत आली तशी मावशीने तिला हातानेच अडवलं. "तुमचं नंतर. तिकडे ठेवा, लांब. आधी ही."

पीठ दुसऱ्यांदा रुळात घालायच्या आधी मावशीचा हात, डोळे दुसरीकडे असतानाच, शेजारच्या मिठाच्या डब्यात गेला. संज्योतने तिचं मनगट पकडलं. मावशीने खाली बघितलं, मूठ उघडली. मीठ परत डब्यात पडलं.

"हात ऐकतो का माझा," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ओलं पीठ टिकत नाही. आम्ही ते छोट्या पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. संध्याकाळी एक पिशवी काढून संज्योतने भाकरी थापली. पाणी फार कमी लागलं, जवळजवळ नाहीच. ती एका बाजूनेच फुगली. मिरची-शेंगदाण्याचा ठेचा होता, मुळ्याचा पाला होता. तिने अर्धी खाल्ली आणि हात धुऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली.  रविवारी उरलेल्या पिठाची आणखी एक. रविवारभर ती घरात फिरत राहिली, दर थोड्या वेळाने पाणी पीत.

सोमवारी मी उठले तेव्हा तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि पांघरूण घडी केलेलं होतं. ओट्यावर ताटाखाली झाकलेली एक भाकरी. दुपारी मी वर्गात असताना तिचा मेसेज आला.

सरांना सांगून आले, राहतेय. आईला तू फोन करू नकोस, मी करते. येताना मुळ्याचा पाला आण. पाकिटातलं काही घेतलंस तर मागे बघ.